सहा टक्के की आठ टक्के? गोव्यातल्या लहान दुकानदारासाठी अनुमानित नफ्याचा हिशेब

आयकर कायद्याच्या कलम ४४एडीखाली उलाढालीवर ठरावीक टक्के नफा दाखवायचा, ही गोष्ट बहुतेक दुकानदारांना ठाऊक असते. रोख विक्रीवर आठ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर सहा टक्के, हेही ठाऊक असतं. तरी दरवर्षी विवरणपत्रं चुकतात, आणि चूक जवळजवळ नेहमी एकाच जागी होते. मार्चनंतर बँकेचं स्टेटमेंट काढायचं, जमेच्या बाजूची बेरीज करायची आणि तिच्यावर सहा टक्के लावून मोकळं व्हायचं. या बेरजेत उलाढाल नसलेले पैसे घुसतात, खरी उलाढाल बाहेर राहते आणि रोख विक्रीला सहा टक्क्यांचा दर लागतो. गोव्यात याच्यावर आणखी एक पायरी आहे, नवरा-बायकोतल्या वाटणीची. ती तर बहुतेकांकडून गळतेच.

म्हणून इथे क्रमाने जाऊ. उदाहरणासाठी डिचोली बाजारातलं स्टील-पितळेच्या भांड्यांचं एक दुकान घेतलं आहे. दुकान कल्पित आहे, पण त्यातले घोळ नेहमी दिसणारेच आहेत. वर्ष २०२५-२६ चं, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६. या वर्षाचं विवरणपत्र १९६१ च्याच आयकर कायद्याखाली भरायचं आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू होतो आणि तिथे ही तरतूद कलम ५८ मध्ये गेली आहे. दर आणि रीत मात्र तीच आहे.

## १. आधी पाहा, ही सोय तुम्हाला लागू आहे का

भारतात रहिवासी असलेली व्यक्ती, हिंदू अविभक्त कुटुंब आणि साधी भागीदारी पेढी यांना ही सोय मिळते. एलएलपीला आणि कंपनीला मिळत नाही. वर्षाची उलाढाल २ कोटी रुपयांच्या आत हवी. रोखीने आलेली रक्कम एकूण उलाढालीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ही मर्यादा ३ कोटींवर जाते. बाजारपेठेतल्या दुकानात रोखीचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आत क्वचितच असतं, तेव्हा तुमच्यासाठी मर्यादा २ कोटींचीच धरा.

मोठा अडथळा दुसरीकडेच आहे. ज्याला कमिशन किंवा दलालीचं उत्पन्न आहे, किंवा जो एजन्सीचा धंदा करतो, त्या व्यक्तीला हे कलम लागूच होत नाही. कायद्यातले शब्द ‘अशा व्यक्तीला’ असे आहेत. ‘अशा उत्पन्नाला’ असं तिथे म्हटलेलं नाही. दुकानाच्या कोपऱ्यात मोबाइल रिचार्ज, लॉटरीची तिकिटं किंवा पैसे पाठवण्याचं काम ठेवलेलं असतं. त्याचं कमिशन वर्षाला दहा-पंधरा हजारच असतं, म्हणून कोणी ते मोजत नाही. शब्दशः वाचलं तर तेवढ्यानेही भांड्यांच्या विक्रीवरची सोय धोक्यात येते. माल स्वतः विकत घेऊन नफ्यावर विकणं हा व्यापार आहे. दुसऱ्याचा माल किंवा सेवा विकून टक्केवारी घेणं हे कमिशन आहे. असं काही काम तुमच्याकडे असेल तर विवरणपत्र भरायच्या दिवसापर्यंत थांबू नका. वर्ष सुरू होतानाच सल्लागाराला विचारा आणि गरज असेल तर ते काम बंद करा.

तपासा: तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर पोर्टलवरच्या वार्षिक माहितीपत्रकात, ‘कमिशन’ नावाखाली टीडीएसची ओळ दिसते का? दिसत असेल तर पुढच्या पायऱ्यांवर जाण्याआधी तिचा निकाल लावा.

## २. एप्रिलमध्येच वही आखा

या कलमाखाली पूर्ण हिशेबवह्या ठेवण्याची सक्ती नाही. त्याचा अर्थ ‘काहीच लिहायचं नाही’ असा घेतला जातो आणि इथूनच सगळं बिघडतं. नफा सिद्ध करावा लागत नाही हे खरं, पण उलाढाल किती आणि तिच्यातला कोणता पैसा कोणत्या मार्गाने आला हे तुम्हालाच दाखवावं लागतं. सहा टक्क्यांचा दर तुम्ही मागता, तेव्हा पुरावाही तुमच्याकडेच हवा.

एक जाड वही पुरते. रोज एक ओळ आणि चार रकाने: रोख विक्री, यूपीआय विक्री, कार्ड मशीनवरची विक्री, उधार विक्री. उधारीसाठी मागच्या पानांवर गिऱ्हाइकवार खातं ठेवा. बिल कधी केलं, किती रुपयांचं, पैसे कधी आले आणि कशाने आले, या चारही गोष्टी तिथे लिहिलेल्या असल्या पाहिजेत. शेवटची गोष्ट बहुतेक वह्यांत नसते. ‘जमा ५,०००’ एवढंच लिहिलेलं असतं. वर्षाअखेरी ते रोख होते की चेक होता हे कोणालाच आठवत नाही.

यूपीआयचा क्यूआर दुकानाच्या चालू खात्याचाच लावा. मुलाच्या किंवा भावाच्या खात्याचा क्यूआर काउंटरवर लावला की पैसे त्याच्या नावावर जमा होतात. मग त्याच्या खात्यातल्या जमेचा खुलासा त्याला द्यावा लागतो आणि तुमची विक्री तुमच्या कागदांत कुठेच दिसत नाही.

सावध: एका बिलाचे पैसे दोन मार्गांनी आले तर दोन रकान्यांत लिहा. ५,००० च्या बिलात ३,००० यूपीआयने आणि २,००० रोख आले असतील, तर ३,००० सहा टक्क्यांकडे आणि २,००० आठ टक्क्यांकडे जातात.

## ३. रात्री दुकान बंद करताना

दिवसाचा यूपीआय अहवाल अॅपमध्ये उघडा आणि वहीतल्या रकान्याशी जुळवा. दोन्ही बेरजा जुळल्या तर बरोबरची खूण करा. जुळल्या नाहीत तर फरक कशाचा आहे हे त्याच रात्री पेन्सिलने लिहून ठेवा, कारण महिन्याने तो सापडणार नाही. फरक बहुतेक तीन कारणांनी पडतो. घरच्यांपैकी कोणीतरी दुकानाच्या खात्यावर पैसे पाठवलेले असतात. कोणीतरी जुनी उधारी चुकती केलेली असते. नाहीतर गिऱ्हाइकाने यूपीआय करून तुमच्याकडून रोख घेतलेली असते. गोव्यात हे तिसरं कारण फार दिसतं. एटीएम बंद असलं की पर्यटक सरळ ‘यूपीआय करतो, कॅश द्या’ म्हणतात. ती विक्री नाही. तिच्यावर सहा टक्के लावलेत तर न केलेल्या धंद्यावर नफा दाखवाल. ती वहीत वेगळी लिहा.

कार्ड मशीनच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते. बँक आपलं शुल्क कापून उरलेली रक्कम खात्यात टाकते आणि दुकानदार तीच विक्री धरतो. विक्री म्हणजे गिऱ्हाइकाच्या कार्डावरून गेलेली पूर्ण रक्कम. शुल्क हा तुमचा खर्च आहे, आणि अनुमानित नफ्यात खर्च वेगळा वजा होत नाही. म्हणून मशीनच्या रोजच्या बॅच अहवालातला आकडा घ्या.

गिऱ्हाइकाने माल परत केला आणि तुम्ही पैसे परत दिले, तर ज्या रकान्यात विक्री लिहिली त्याच रकान्यातून वजा करा.

## ४. कोणत्या पैशाला सहा टक्के

यादी छोटी आहे. अकाउंट पेयी चेक, अकाउंट पेयी ड्राफ्ट, बँक खात्यातून ईसीएस आणि नियम ६एबीबीए मधले इलेक्ट्रॉनिक मार्ग, म्हणजे क्रेडिट कार्ड, डेबिट कार्ड, नेट बँकिंग, आयएमपीएस, यूपीआय, आरटीजीएस, एनईएफटी आणि भीम आधार पे. या मार्गांनी आलेल्या विक्रीवर किमान सहा टक्के आणि बाकी सगळ्या विक्रीवर किमान आठ टक्के.

सर्वांत जास्त गैरसमज रोख भरण्याबद्दल आहे. गल्ल्यातली रोकड तुम्ही बँकेत नेऊन भरली म्हणून ती डिजिटल होत नाही. पैसा बँकेत शेवटी पोचला की नाही हे कायदा विचारत नाही. गिऱ्हाइकाने तो तुम्हाला कशाने दिला, हे विचारतो. गिऱ्हाइकाने हातात नोटा दिल्या तर दर आठ टक्के. मग त्या नोटा तुम्ही भरा, घरी ठेवा किंवा होलसेलवाल्याला द्या.

चेकच्या बाबतीत डाव्या कोपऱ्यात दोन रेघा आणि ‘अकाउंट पेयी’ असं असेल तरच सहा टक्के. बेअरर चेक रोखीसारखाच. हॉटेलवाल्यांकडून चेक घेताना तो तिथेच उलगडून पाहा. रेघा नसतील तर त्यांनाच मारायला सांगा.

दुसरा प्रश्न वेळेचा. सहा टक्क्यांसाठी पैसे त्याच वर्षात यावेत असं नाही. विवरणपत्र भरण्याच्या कायदेशीर अंतिम तारखेपर्यंत ते या मार्गांनी आले तरी चालतं. त्यामुळे ३१ मार्चला कार्डावर झालेली आणि १ एप्रिलला खात्यात पडलेली विक्री सहा टक्क्यांचीच. मार्चमध्ये उधार दिलेला माल, ज्याचे पैसे मे महिन्यात एनईएफटीने आले, तोही सहा टक्क्यांचाच. मात्र अंतिम तारखेपर्यंत पैसे आलेच नाहीत, तर ती उधारी आठ टक्क्यांत जाते. म्हणून जूनमध्ये थकबाकीची यादी काढून लोकांना एक फोन करा आणि पैसे खात्यावरच टाकायला सांगा.

उलट बाजूही लक्षात घ्या. मागच्या वर्षी उधार विकलेल्या मालाचे पैसे या वर्षी यूपीआयने आले, तर ती या वर्षाची उलाढाल नाही. ती मागच्या वर्षी मोजून झाली आहे.

जीएसटीबद्दल: तुम्ही नियमित जीएसटीत असाल आणि बिलात कर वेगळा दाखवत असाल, तर १,००० च्या भांड्यावर ५० कर धरून यूपीआयवर १,०५० येतात. उलाढाल १,००० धरण्याची प्रथा आहे. तेव्हा यूपीआयची पूर्ण बेरीज उचलू नका, तिच्यातून कर बाजूला काढा. कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायच्या जीएसटी योजनेत असाल, तर गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेताच येत नाही. आलेली पूर्ण रक्कम उलाढालच असते.

## ५. वर्षाअखेरचा हिशेब, आकड्यांनिशी

आपल्या भांड्यांच्या दुकानदाराकडे या चार रकान्यांची वही आहे. तो कंपोझिशनमध्ये आहे. चवथीच्या आधीचा महिना आणि लग्नसराई हे त्याचे मोठे हंगाम. किनाऱ्याकडची दोन हॉटेलं आणि काही आचारी त्याच्याकडून उधारीवर मोठी पातेली नेतात. वर्षाच्या बेरजा अशा आल्या:

| विक्री | रुपये |
|---|---|
| रोख | २१,६०,००० |
| यूपीआय | २४,९०,००० |
| कार्ड मशीन | ३,१०,००० |
| उधार | ८,४०,००० |
| एकूण उलाढाल | ५८,००,००० |

आता उधारीचे ८,४०,००० फोडायचे. हॉटेलांनी अकाउंट पेयी चेक आणि एनईएफटीने वर्षभरात ५,६०,००० दिले. आचाऱ्यांनी १,२०,००० रोख दिले. ३१ मार्चला १,६०,००० बाकी होते. त्यातले १,१०,००० मे महिन्यात एनईएफटीने आले आणि ५०,००० अंतिम तारखेपर्यंत आलेच नाहीत.

सहा टक्क्यांची बाजू: २४,९०,००० + ३,१०,००० + ५,६०,००० + १,१०,००० = ३४,७०,०००. त्यावर सहा टक्के म्हणजे २,०८,२००.

आठ टक्क्यांची बाजू: २१,६०,००० + १,२०,००० + ५०,००० = २३,३०,०००. त्यावर आठ टक्के म्हणजे १,८६,४००.

किमान नफा ३,९४,६०० रुपये. दोन्ही बाजूंची बेरीज पुन्हा ५८,००,००० येते का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. येत नसेल तर उधारीच्या पानात चूक आहे.

याच दुकानाचा बँकेवरून केलेला हिशेब काय आला असता? खात्यात यूपीआयची जमा २७,४०,००० आहे, म्हणजे विक्रीपेक्षा २,५०,००० जास्त. भावाने घराच्या छपरासाठी १,५०,००० पाठवले, मागच्या वर्षीची उधारी ६०,००० आली आणि ४०,००० रुपये पर्यटकांना रोख दिल्याबद्दल आले. कार्डाचे शुल्क कापून ३,०५,३५० जमा झाले. चेक आणि एनईएफटीचे ५,६०,०००. आणि गल्ल्यातून भरलेली रोकड ९,००,०००. एकूण ४५,०५,३५०. त्यावर सरसकट सहा टक्के लावले तर नफा २,७०,३२१ येतो. म्हणजे उलाढाल जवळजवळ तेरा लाखांनी कमी, नफा १,२४,२७९ रुपयांनी कमी, आणि त्यातच भावाच्या पैशावर धंद्याचा नफा लावलेला.

ही तफावत झाकली जात नाही. कंपोझिशनच्या वार्षिक विवरणात, म्हणजे जीएसटीआर-४ मध्ये, उलाढाल ५८ लाख लिहिलेली असते. जीएसटीची उलाढाल आयकर खात्याकडे पोचते आणि एआयएसमध्ये तुम्हालाही दिसते.

तपासा: वहीची एकूण उलाढाल, जीएसटीची उलाढाल आणि आयकरात लिहिणार ती उलाढाल शेजारी शेजारी मांडा. तिन्हींत फरक असेल तर त्याचं कारण एका ओळीत लिहून फाइलमध्ये ठेवा.

## ६. खरा नफा जास्त आहे का?

सहा आणि आठ टक्के हे किमान दर आहेत. कायद्यात पुढे ‘किंवा प्रत्यक्ष मिळवलेली याहून जास्त रक्कम’ असं आहे. तेव्हा पाठीमागच्या पानावर एक ढोबळ हिशेब करा. आपल्या दुकानदाराला भांड्यांवर सरासरी १२ टक्के सुटतात, म्हणजे ५८ लाखांवर ६,९६,०००. त्यातून मुलाचा पगार १,४४,०००, दुकानभाडं ७२,०००, वीज ३६,००० आणि कंपोझिशनचा एक टक्का कर ५८,००० असे ३,१०,००० गेले. उरले ३,८६,०००. हे ३,९४,६०० पेक्षा कमी आहेत, म्हणून किमान आकडाच दाखवायचा. ढोबळ हिशेबात पाच लाख उरत असते, तर पाच लाख दाखवायचे. मार्जिन मोठं असलेल्या धंद्यात, उदाहरणार्थ काजू किंवा भेटवस्तूंच्या दुकानात, हा प्रश्न प्रामाणिकपणे स्वतःला विचारा. वर्षभरात घरखर्च, हप्ते आणि बँकेतली बचत मिळून सात लाख खर्च झाले आणि नफा मात्र चार लाख दाखवला, तर चौकशीत पहिला प्रश्न तोच येतो.

किमान आकड्यातून भाडं, पगार, व्याज किंवा घसारा पुन्हा वजा करता येत नाही. ते सगळं या टक्क्यांत गृहीत धरलेलं आहे. भागीदारी पेढीत भागीदारांचा पगार आणि भांडवलावरचं व्याजही वजा होत नाही.

आणि नफा किमान आकड्यापेक्षा खरोखरच कमी असेल तर? कमी दाखवता येतो, पण किंमत मोठी आहे. एकदा ही सोय घेतली आणि पुढच्या पाच वर्षांत एखाद्या वर्षी सोडली, तर त्यानंतरची पाच वर्षं ती परत मिळत नाही. त्या काळात एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर पूर्ण हिशेबवह्या आणि लेखापरीक्षण दोन्ही करावं लागतं. एका मंद हंगामासाठी चाळीस-पन्नास हजारांचा नफा कमी दाखवण्याआधी सीएची पाच वर्षांची फी मोजून पाहा.

## ७. गोव्याची पायरी: उत्पन्नाची वाटणी

गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यातली समाईक मालमत्तेची पद्धत लागू असलेल्या जोडप्यांसाठी आयकर कायद्यात कलम ५ए आहे. लग्नाआधी वेगळ्या मालमत्तेचा करार नोंदवलेला नसेल, तर साधारणपणे तुम्ही याच पद्धतीत असता. बाहेरून येऊन इथे धंदा थाटलेल्या जोडप्याला हे आपोआप लागू होत नाही. या कलमाखाली पगार सोडून बाकी प्रत्येक सदरातलं उत्पन्न, म्हणजे धंदा, घरभाडं, भांडवली नफा आणि व्याज, नवरा-बायकोत निम्मं-निम्मं वाटून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवायचं असतं. यात निवड नाही.

क्रम इथे फार महत्त्वाचा. आधी पूर्ण उलाढालीवर अनुमानित नफा काढायचा, मग नफा वाटायचा. उलाढाल वाटायची नाही. ‘माझी निम्मी २९ लाख, बायकोची निम्मी २९ लाख’ असं दोघांनी लिहिलं की जीएसटीशी जुळणं संपलं. २ कोटींची मर्यादाही दुकानाच्या पूर्ण उलाढालीवरच पाहायची.

आपल्या दुकानदाराची पत्नी शाळेत कारकून आहे. पगार ६,२०,०००. तिच्या ठेवींवरचं व्याज ४२,०००. तर दुकानाचा नफा ३,९४,६०० चे प्रत्येकी १,९७,३०० आणि व्याजाचे प्रत्येकी २१,०००. पगार पूर्ण तिचा. दुकानदाराचं उत्पन्न २,१८,३०० होतं. नव्या करप्रणालीत पगारातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेल्यावर तिचं उत्पन्न ५,४५,००० + २,१८,३०० = ७,६३,३०० होतं. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत कलम ८७ए ची सूट असल्यामुळे तिलाही कर शून्य. पण आकडा तिच्या विवरणपत्रात यायला हवा. प्रत्यक्षात अशा घरात ती कार्यालयातून मिळालेल्या फॉर्म १६ वरून दरवर्षी आयटीआर-१ भरत असते आणि दुकानाचा निम्मा नफा दोघांपैकी कोणाच्याच कागदावर नसतो, किंवा तो सगळा नवऱ्याच्याच कागदावर असतो.

ठेवीच्या व्याजावर टीडीएस कापलेला असेल तर तोही निम्मा-निम्मा जातो. वाटणी दाखवण्यासाठी जोडीदाराचा पॅन लागतो, तेव्हा तो नसेल तर आधी काढा.

## ८. फॉर्म निवडणं आणि भरणं

अनुमानित नफ्यासाठी सोपा फॉर्म आयटीआर-४, ‘सुगम’. अविवाहित, किंवा कलम ५ए लागू नसलेल्या दुकानदाराने तोच भरायचा. पण सुगममध्ये वाटणीचं परिशिष्ट नाही. ते आयटीआर-३ मध्ये आहे. त्यामुळे कलम ५ए लागू असलेल्या दुकानदाराने आयटीआर-३ घ्यायचा. सर्वसाधारण माहितीत पोर्तुगीज नागरी कायदा लागू आहे का, असा प्रश्न येतो. त्याला ‘होय’ म्हटलं की परिशिष्ट ५ए भरायचं. पत्नीच्या वाट्यालाही धंद्याचं उत्पन्न येतं, म्हणून तिचाही फॉर्म आयटीआर-३ च. आयटीआर-३ मोठा दिसतो, पण ४४एडीवाल्याला त्यातली नफा-तोट्याची पानं भरायची नसतात. अनुमानित उत्पन्नाचा भाग आणि ताळेबंदाच्या चार ओळी पुरतात.

उलाढालीच्या भागात तीन ओळी असतात. आपल्या दुकानदाराचे आकडे असे बसतात: बँक आणि इलेक्ट्रॉनिक मार्गांनी ३४,७०,०००, रोख २२,८०,०००, इतर मार्ग ५०,०००. न आलेली उधारी इतर मार्गांच्या ओळीत जाते, कारण ती रोखही नाही आणि डिजिटलही नाही.

ताळेबंदाच्या चार ओळी म्हणजे ३१ मार्चची येणी, देणी, शिल्लक माल आणि हातातली रोख. इथे लोक तोंडाला येतील ते आकडे टाकतात. येणी १,६०,००० लिहायची, कारण मे महिन्यात आलेले पैसे ३१ मार्चला बाकीच होते. शिल्लक मालासाठी ३१ मार्चला खरंच फडताळं मोजा आणि खरेदी किमतीने यादी करा. बँकेत कर्ज मागायला गेलात की अधिकारी याच चार ओळी आधी पाहतो.

## ९. आगाऊ कर

ही पायरी शेवटी लिहिली असली तरी तिची तारीख सर्वांत आधी येते. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त होत असेल, तर आगाऊ कर भरावा लागतो. ४४एडीवाल्याला चार हप्ते नाहीत. पूर्ण रक्कम १५ मार्चपर्यंत एकदाच भरायची. ३१ मार्चपर्यंत भरलेलंही आगाऊ करातच धरलं जातं, पण १५ तारीख चुकल्याबद्दल कमी पडलेल्या रकमेवर एक टक्का व्याज लागतं. ३१ मार्चपर्यंत ९० टक्के कर भरला गेला नसेल तर एप्रिलपासून दरमहा एक टक्का वेगळं.

कलम ५ए मध्ये हा हिशेब दोघांचा वेगवेगळा करायचा. दुकानदाराला कर बसत नसला तरी चांगल्या पगाराच्या पत्नीला त्याच्या निम्म्या नफ्यावर बसू शकतो, आणि तिच्या कार्यालयाने तो कापलेला नसतो. फेब्रुवारीच्या शेवटी वहीवरून अकरा महिन्यांची बेरीज काढा, मार्चची विक्री मागच्या वर्षीच्या मार्चवरून अंदाजाने धरा आणि दोघांची चलनं आपापल्या पॅनवर भरा. नवऱ्याच्या पॅनवर भरलेला कर बायकोच्या खात्यात वळत नाही.